वरिष्ठांच्या हिशेबातली चूक

“मॅडम, नोकरीला लागून दीड वर्ष झाले. वरिष्ठांनी केलेल्या हिशेबात मला मोठी चूक दिसते आहे. सांगितली तर आगाऊ ठरेन, नाही सांगितली तर झोप लागत नाही. काय करू?”

समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे एका कारखान्याच्या कॉस्टिंग विभागात काम केले, म्हणून अशा प्रश्नावर मी आधी कागद मागते. काही वर्षांपूर्वी एक तरुण हिशेबनीस माझ्याकडे आली, तेव्हाही मी तेच केले. तिच्या कंपनीची एक मोठी ऑर्डर हुकली होती. निवडलेल्या पुरवठादारापेक्षा तुमचा भाव सुमारे 10 टक्क्यांनी जास्त होता, असे ग्राहकाने कळवले होते. कोटेशन तयार करणारे गृहस्थ तिचेच वरिष्ठ होते, आणि फाइल लावताना तिला त्यांच्या कॉस्ट शीटमध्ये ओव्हरहेड, म्हणजे भाडे, दुरुस्ती यांसारखा कोणत्याही एका नगावर थेट न टाकता येणारा खर्च, दोनदा धरलेला दिसला होता.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ती शीट मी लहान करून सांगते. एका नगामागे कच्चा माल 40, मजुरी 10 आणि यंत्राचा अर्धा तास, ताशी 60 या दराने 30, असे एकूण 80 होत होते. त्यावर 20 टक्के फॅक्टरी ओव्हरहेड म्हणजे 16, मग 10 टक्के प्रशासकीय खर्च आणि शेवटी 10 टक्के नफा धरून भाव 116.16 निघाला होता. वरवर पाहता शीटमध्ये काहीच वावगे नव्हते. तिने मात्र यंत्राचा ताशी 60 हा दर कसा काढला आहे, त्याचा तक्ता उघडला, आणि त्यात वीज व घसारा यांच्याखाली जागेचे भाडे, दुरुस्ती आणि सुपरवायझरचा पगार या तिन्ही ओळी तिला सापडल्या. खालच्या 20 टक्क्यांतही तेच तीन खर्च होते.

ती सोळाच्या सोळा वजा करूनच आली होती, आणि इथे मी तिला थांबवले. त्या 20 टक्क्यांत स्टोअर आणि तपासणी विभागाचा खर्चही होता, जो यंत्राच्या दरात कुठेही नव्हता. फोड केल्यावर दुबार भाग 15 टक्के, म्हणजे 12 निघाला. त्यावर प्रशासकीय खर्च आणि नफा चढत गेल्याने भावात त्याचे 14.52 झाले होते. दुरुस्त भाव 101.64 येत होता. पूर्ण 16 काढले असते तर भाव 96.80 झाला असता, आणि पुढची ऑर्डर मिळूनही स्टोअरचा पगार कुठून द्यायचा, हा प्रश्न उभा राहिला असता. वरिष्ठांनी तिची ही चूक पहिल्या मिनिटात पकडली असती आणि मग खरी चूकही बाजूला पडली असती.

दुसरी गोष्ट मी तिला ताळा घालून बघायला सांगितली. मागील वर्षी सर्व कामांवर मिळून कोटेशनमध्ये किती ओव्हरहेड आकारला, आणि लेजरमध्ये त्याच खर्चांची प्रत्यक्ष बेरीज किती आहे? आकारणी प्रत्यक्ष खर्चाच्या बरीच पुढे गेली असेल, तर शंका पक्की होते. काम अपेक्षेपेक्षा जास्त निघाले तरीही थोडी तफावत येते, एवढे मात्र लक्षात ठेवावे लागते. तिच्या बाबतीत तफावत तेवढ्याने भागणारी नव्हती.

तिच्या टिपणातले “यामुळेच ऑर्डर गेली” हे वाक्य मी खोडायला लावले. दुरुस्त भाव जिंकलेल्या भावाच्या खाली आला असता हे खरे; पण ग्राहक मुदत आणि उधारीही पाहतो, आणि ती बाजू तिला माहीत नव्हती. शिवाय हरलेल्या ऑर्डरीपेक्षा त्याच शीटवर तयार होत असलेली पुढची दोन कोटेशने अधिक निकडीची होती.

मालकांकडे न जाता ती आधी वरिष्ठांकडेच गेली. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून तिने विचारले, “सर, भाडे यंत्राच्या दरात धरले आहे, मग खालच्या टक्क्यांत कोणते भाडे येते?” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी खणातून जुना तक्ता काढला. त्यात ताशी दरात फक्त वीज आणि घसारा होता. वर्षभरापूर्वी उत्पादन विभागाने दर नव्याने बांधला आणि बाकीचे खर्च आत घेतले, पण कोटेशनच्या शीटमधले 20 टक्के कोणी बदललेच नव्हते. “हे मला कोणी कळवले नाही,” एवढे ते थोडे तुटकपणे म्हणाले, आणि मला तर तो तुटकपणा स्वाभाविकच वाटतो.

त्या दोन कोटेशनांपैकी एक सहीसाठी टेबलावर पडले होते, ते त्यांनी स्वतः दुरुस्त केले. दुसरे त्याच सकाळी ग्राहकाकडे गेले होते. सुधारित भाव पाठवावा की नाही, यावर त्यांची चर्चा संध्याकाळपर्यंत चालली आणि त्या चर्चेत त्यांनी तिलाही बसवून घेतले.