बायोडेटात ‘करण्यात आले’ नको

उद्यमबागेतल्या कारखान्यात अर्ज देणार असशील, तर बायोडेटातलं प्रत्येक क्रियापद आधी तपासून घे. तुझं हे वाक्य बघ:

‘सीएनसी विभागात कार्यरत असताना सेटिंगसाठी लागणाऱ्या वेळेत लक्षणीय घट करण्यात आली.’

घट कुणी केली? किती? कशी? वाचणाऱ्या सुपरवायझरला यातलं काहीच कळत नाही. सरकारी पत्रांची ही भाषा आपल्या हातात बसलेली असते, आणि तिच्यात काम करणारा माणूस गायब होतो. आता वाक्य तोडू:

‘जॉब बदलताना सेटिंगला ५० मिनिटं लागत. टूल आधीच प्रीसेट करून ठेवले. वेळ ३० मिनिटांवर आणला.’

तीन वाक्यं: आधीची स्थिती, तू केलेलं काम, निकाल. ‘मी’ दरवेळी लिहायला नको, बायोडेटा तुझाच आहे. पण ‘झाले’ मात्र खटकायला हवं. ‘रिजेक्शन कमी झाले’ म्हटलं की ते आपोआप घडल्यासारखं वाटतं. ‘कमी केले’ म्हटलं की कर्ता तू. ‘सहभाग होता’, ‘जबाबदारी सांभाळली’ हेही तसेच पोकळ. त्यांच्या जागी मोजलं, बसवलं, शिकवलं, दुरुस्त केलं, असं नेमकं काम लिही.

काम चौघांनी मिळून केलं असेल, तर तुझा वाटाच लिही: ‘फिक्स्चर मी बसवलं.’ मुलाखतीत लगेच प्रश्न येतो, ‘कसं बसवलंस?’ आकडा रजिस्टरमध्ये नसेल, तर अंदाजाने घालू नकोस. ‘टूल प्रीसेट करून ठेवले’ एवढंही चालतं.