भूक गेली की खाणे अवघड झाले?

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. तुझ्या केंद्रात आलेल्या आजी काही महिन्यांपासून जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, आणि घरचे ‘वय झाले, आता असेच चालायचे’ म्हणून मोकळे होतात, असे तू लिहिले आहेस. वयाने भूक थोडी मंदावते, हे खरे. पण सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. म्हणून जुन्या केसपेपरवरचे वजन आधी काढ. तेही नसेल, तर लुगडे आता किती सैल नेसावे लागते आणि बांगड्या हातातून निसटतात का, हे सुनेला विचार.

त्यानंतर आजींना स्वतःला, शक्यतो घरच्यांना क्षणभर बाहेर बसवून, एकच प्रश्न विचार: खावेसेच वाटत नाही, की वाटते पण खाता येत नाही? नातेवाईक या दोन्हींना ‘जेवत नाही’ असेच म्हणतात, आणि आपणही तसेच लिहून टॉनिक देतो. खाता येत नसेल तर शोध तोंडात आणि घशात घ्यावा लागतो. खावेसे वाटत नसेल तर औषधे, शरीरातील आजार आणि मन यांच्याकडे वळावे लागते. बहुतेक म्हाताऱ्या माणसांत दोन्ही थोडे थोडे असते, म्हणून पहिले कारण सापडले की थांबायचे नाही. हे एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो.

माझ्याकडच्या त्या आजी शहात्तर वर्षांच्या होत्या. पाच महिन्यांत वजन 51 वरून 46 किलोवर आले होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू होते आणि रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारे औषध, मिसळलेले होते. त्यांनी भाकरी सोडली होती आणि चहात बुडवलेला पाव तेवढा त्या खात. पंगतीत बसणे टाळून त्या ‘तुम्ही जेवा, मी मागाहून घेते’ असे म्हणत. घरच्यांना ही विरक्ती वाटली. मला मात्र त्या पावाने तोंडाकडे पाहायला लावले. मन खचलेला माणूस सहसा सगळ्याच पदार्थांना नको म्हणतो. कडक तेवढे सोडून मऊ खाणाऱ्याचे दुखणे बहुधा दातांचे असते.

तोंड तपासताना कवळी काढायला लावायचीच; कवळीसकट तपासलेले तोंड हे न तपासलेलेच समज. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते, वजन उतरले की गालही बसतात, आणि दहा वर्षांपूर्वी नीट बसणारी खालची कवळी घास चावताना उचलली जाते. त्या आजींची कवळी सगळ्यांदेखत पानात पडली होती, आणि लाजेने त्यांनी एकटीने जेवायला सुरुवात केली होती. वरच्या कवळीखाली टाळू लालभडक होता, ओठांचे कोपरे चिरलेले होते: हा बुरशीचा संसर्ग, कारण कवळी रात्रंदिवस तोंडातच असे. तुझ्या आजींच्या बाबतीत आणखी एक कर. गॉजच्या तुकड्याने जीभ धरून दोन्ही कडा आणि जिभेखालचा भाग टॉर्चने पाहा. मशेरी लावत असतील तर गालाची आतली बाजूही. कवळी बाजूला ठेवूनही दोन आठवड्यांत न भरलेली जखम थेट बायोप्सीला पाठवायची.

आता औषधे. पिशवी पालथी करायला सांग, चिठ्ठीवर विसंबू नकोस. या आजींच्या पिशवीत भुकेचे म्हणून कोणी दिलेले सिप्रोहेप्टाडिनचे सिरप निघाले. म्हाताऱ्या माणसात ते तोंड कोरडे पाडते, बद्धकोष्ठ वाढवते, गुंगी आणते, कधी भ्रमही निर्माण करते. कोरड्या तोंडात सैल कवळी आणखीच घासते, म्हणजे भुकेच्या औषधानेच जेवण अवघड केले होते. ते बंद केले. रक्तात सोडियम 127 निघाले, त्यामागे लघवीची ती गोळी होती. सोडियम उतरले की मळमळ, मरगळ, अबोलपणा येतो आणि तो नैराश्यासारखाच दिसतो. गोळी बदलून अ‍ॅम्लोडिपिन दिले, मेटफॉर्मिनची मात्रा कमी केली, आणि दोन आठवड्यांनी सोडियम 134 झाले. ते घाईने वर चढवायचे नसते. पातळी 125 च्या खाली असेल किंवा माणूस बरळत असेल, झटके येत असतील, तर रुग्णालयातच पाठव.

इतर तपासण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. रक्तगणना, क्रिएटिनीन, कॅल्शियम, यकृत, टीएसएच, बी-12 आणि छातीचा एक्स-रे हे करून घे. म्हातारपणी क्षयरोगात खोकला किंवा ताप ठळक नसतोही, आणि थायरॉइडचे काम वाढल्यावर धडधड, घाम न येता माणूस नुसता वाळत आणि गप्प होत जातो. पाणी पिताना ठसका लागतो का, हे समोर पाजून पाहा.

कवळीला आतून नवा थर बसवून घेतला, क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट दिला, कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायला लावली. महिन्याभरात आजी भाकरी खाऊ लागल्या, पण बोलेनात, आणि पहाटे तीनला जाग येते म्हणाल्या. पती वारल्याला आठ महिने झाले होते. हे आम्हाला आधीपासून ठाऊक होते. पण कवळी, सिरप आणि सोडियम यांचा पडदा बाजूला झाल्यावरच दुःखाचे नैराश्य झाले आहे, हे नीट दिसले. वृद्धांसाठीच्या पंधरा ‘हो-नाही’ प्रश्नांच्या चाचणीत त्यांचे गुण 9 आले. 5 च्या वर गेले की नैराश्याचा संशय घ्यायचा. ‘जगणे नको असे मनात येते का?’ हे मी स्पष्ट विचारले. तसे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आले, आणि काही ठरवल्याचे जाणवले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचे आणि घरात कीटकनाशक कुठे आहे ते विचारायचे. या आजींच्या बाबतीत तसे नव्हते. त्यांना रात्री मिर्टाझापिन 7.5 मिलिग्रॅम सुरू केले. नेहमीच्या एसएसआरआय गोळ्या टाळल्या, कारण त्या सोडियम उतरवतात. मिर्टाझापिनमध्ये तो धोका कमी असतो, पण नसतोच असे नाही, म्हणून सोडियम पुन्हा तपासले. ती गोळी झोप आणि भूक दोन्हींना मदत करते.

एक फरक मात्र पहिल्याच भेटीत करायचा. गप्पपणा महिन्यांत आला, की दोन-चार दिवसांत? कालपर्यंत बोलणारा म्हातारा माणूस आज पेंगुळलेला, मधूनच शुद्धीवर आणि मधूनच हरवलेला असेल, तर तो शांत प्रकारचा डिलिरियम समज. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांग: लक्ष टिकत नसेल तर दोन-तीन वारांतच साखळी तुटते. अशा वेळी नैराश्याच्या प्रश्नावलीत वेळ न घालवता न्यूमोनिया, लघवी तुंबणे, साखर उतरणे, नवी गोळी यांचा शोध त्याच दिवशी घ्यायचा.

तुझ्या केंद्रात सोडियम होत नसेल तर नमुना तालुक्याला पाठव. तोवर लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि तुझ्या आजींना हृदय कमजोर असल्याने पायावर सूज नसेल, तर अहवालाची वाट न पाहता ती थांबव आणि रक्तदाब रोज मोजून ठेव. अहवाल आला की मला कळव.

तुझा,
सर