लंबगोल नाणे आणि तरसाची पावले

प्रश्न : ओढ्याकाठच्या चिखलात उमटलेल्या ठशांचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे. नुसत्या फोटोवरून प्राणी कोणता होता आणि तो चालत होता की पळत होता, हे सांगता येते का?

सांगता येते, परंतु फोटोत ठशाशेजारी ठाऊक मापाची एखादी वस्तू असली पाहिजे आणि एकाच्या जागी निदान चार-पाच ठसे सलग दिसले पाहिजेत. एकट्या ठशाच्या फोटोवरून प्राण्याचे नाव छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही, आणि त्याला कारण आमच्या घरातच घडलेला एक प्रसंग आहे.

आमच्या थोरल्या साडूंची इंदूरहून सिमरोलकडे जाताना थोडी शेती आहे. शेताच्या कडेने एक नाला वाहतो आणि पावसाळा ओसरला की त्याच्या काठची काळी माती आठ-दहा दिवस लोण्यासारखी मऊ राहते. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास त्यांनी मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. चिखलात ठशांच्या सहा जोड्या एकापुढे एक गेलेल्या होत्या, प्रत्येक जोडीत एक ठसा मोठा आणि एक लहान होता आणि पहिल्या जोडीच्या बाजूला त्यांनी दहा रुपयांचे नाणे ठेवले होते. फोटोपाठोपाठ फोन आला. “भाऊ, बिबट्याची मादी आहे, आणि मागून पिल्लू चाललंय. रखवालदाराला सांगून टाकलंय.”

त्यांची कारणे तीन होती : ठसा लांबीपेक्षा रुंदीला अधिक, म्हणजे मांजरकुळातला, नखे उमटलेली नाहीत, म्हणजेही मांजरकुळातला, आणि तळव्याच्या मागच्या कडेला खाचा आहेत, ज्या बिबट्याच्या तळव्याला असतात. ही तिन्ही लक्षणे पुस्तकात बरोबर आहेत. त्या फोटोत मात्र तिन्ही फसवी होती.

माझा जन्म नकाशे आणि आराखडे काढण्यात गेला, त्यामुळे माझे लक्ष ठशाआधी नाण्याकडे गेले. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो आणि ते पूर्ण गोल असते. फोटोत ते लंबगोल दिसत होते, याचा अर्थ मोबाइल जमिनीच्या बरोबर वर नव्हता, तिरका धरलेला होता. तिरक्या फोटोत आडवी मापे खरी राहतात आणि छायाचित्रकारापासून दूर जाणारी मापे दबतात. तो प्राणी छायाचित्रकाराकडे पाठ करून सरळ पुढे गेलेला होता, त्यामुळे प्रत्येक ठशाची लांबी नेमकी त्या दबलेल्या दिशेला होती आणि रुंदी तशीच राहिली होती.

हा दोष ज्या नाण्यामुळे लक्षात येतो त्यानेच तो दुरुस्तही करता येतो. मी फोटो संगणकावर मोठा करून पडद्यावर पट्टी लावली. नाणे आडवे ९ मिलिमीटर आणि उभे ७ मिलिमीटर भरले; म्हणजे आडव्या दिशेत पडद्यावरचा एक मिलिमीटर प्रत्यक्षातल्या ३ मिलिमीटरांएवढा होता आणि उभ्या दिशेत सुमारे ३.८६ मिलिमीटरांएवढा. नाण्याशेजारचा मोठा ठसा पडद्यावर २८ रुंद आणि २४ लांब होता. प्रत्यक्षात तो ८४ मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ ९३ मिलिमीटर लांब निघाला. लहान ठसा पडद्यावर २२ रुंद आणि १९ लांब होता, तो ६६ रुंद आणि ७३ लांब निघाला. जो ठसा डोळ्यांना रुंद व वाटोळा दिसत होता, तो मुळात लांबट होता. साडूंचे पहिले कारण इथेच संपले.

हे माप घेताना ठशाचा तळ मोजावा लागतो, वरची कड मोजून चालत नाही. मऊ चिखलात पाय रुतताना भिंती बाहेरच्या बाजूला कलतात आणि वरची कड तळापेक्षा सहज एक-दीड सेंटिमीटर मोठी होते. ‘एवढा मोठा पंजा’ म्हणून फिरणाऱ्या फोटोंतल्या निम्म्याअधिक ठशांत हीच वरची कड मोजलेली असते, असे माझे मत आहे.

दुसरे कारण नखांचे. नखे दिसली की कुत्रा आणि न दिसली की बिबट्या, हा नियम चिखलापुरता तरी सोडून द्यावा. निसरड्या चिखलात तोल सावरताना बिबट्याही नखे काढतो, फक्त त्याची खूण बारीक चिरेसारखी उमटते. उलट अगदी पातळ चिखल असेल तर बोटांपुढची भोके मागाहून ओघळलेल्या गाळाने बुजतात. त्या फोटोत प्रत्येक ठशाच्या पुढच्या टोकाशी पाणी साचून चमकत होते. जिथे पाणी आहे तिथे नखांविषयी होकारही देता येत नाही आणि नकारही.

तिसऱ्या कारणाने मला सर्वांत जास्त वेळ घेतला. बिबट्याच्या तळव्याची मागची कड तीन गोलाईंची असते आणि त्या गोलाई मागच्या बाजूला फुगलेल्या असतात. फोटोतल्या मोठ्या ठशाची मागची कडही कातरल्यासारखी दिसत होती. मात्र तिचे फुगवटे पुढच्या दिशेने, म्हणजे ठशाच्या आत घुसलेले होते, ते तीन नसून चार होते आणि त्यांतले मधले दोन अधिक पुढे होते. ती तळव्याची घडण नव्हती. मागून पडलेल्या लहान पायाच्या चार बोटांनी मोठ्या ठशाची कड दाबली होती.

इथे चालीचा उलगडा होतो. चालताना चौपायी प्राणी पुढचा पाय उचलतो आणि त्याच बाजूचा मागचा पाय त्या जागेच्या आसपास टेकतो. चाल संथ असेल तर मागचा पाय पुढच्याच्या ठशाच्या किंचित मागे पडतो, थोडी गती आली की बरोबर त्याच्यावर, आणि झपझप चालत असेल तर त्याच्या पुढे. त्या फोटोत सहाही जोड्यांत लहान ठसा मोठ्याच्या मागे, साधारण तितक्याच अंतरावर आणि त्याच बाजूला होता, आणि दर वेळी त्यानेच मोठ्याची कड मोडली होती. आईमागे जाणारे पिल्लू सहा पावले इतक्या शिस्तीत टाकत नाही. ते बाजूला होते, मागे राहते, धावून गाठते, त्याची पावलेही आखूड असल्यामुळे संख्येने अधिक उमटतात. फोटोत प्राणी एकच होता, सावकाश चालत होता, आणि त्याचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा बरेच मोठे होते.

हा शेवटचा मुद्दाच मला प्राण्यापर्यंत घेऊन गेला. पुढचा पंजा कुत्र्याचाही मागच्यापेक्षा थोडा मोठा असतो आणि बिबट्याचाही, पण इथला फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. जड डोके, भक्कम मान आणि उंच खांदे पुढच्या पायांवर पेलणारा, मागे उतरता होत गेलेला असा प्राणी आमच्या भागात एकच आहे, तो म्हणजे तरस. मी साडूंना तसे कळवले. ते म्हणाले, “भाऊ, तुम्ही इंदुरात बसून पट्ट्या लावताय, मी जागेवर उभा आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही जागेवर उभा राहिलो. नाल्याच्या वरच्या अंगाला माती जरा घट्ट होती आणि तिथल्या दोन ठशांत बोटांपुढे जाड, बोथट नखांची भोके स्वच्छ होती. बोटे एकमेकांना चिकटून होती आणि तळव्याची मागची कड, जिथे मागचा पाय पडलेला नव्हता, तिथे तीन गोलाईंची मुळीच नव्हती. डाव्या पुढच्या पायाच्या एका ठशापासून त्याच पायाच्या नंतरच्या ठशापर्यंत ९८ सेंटिमीटर भरले. बांधाजवळ मात्र लहान ठसे मोठ्यांच्या पुढे पडू लागले होते आणि बोटांमागे चिखल उकरून मागे फेकलेला होता. तिथून त्याने चाल वाढवली होती. पुढे पांढरी पडलेली, खडूसारखी विष्ठा मिळाली. तरस हाडे चावून खातो, म्हणून त्याची विष्ठा वाळल्यावर अशी पांढरी होते.

तोपर्यंत उशीर झालेला होता. पिल्लू असलेली बिबट्याची मादी ही बातमी आदल्या संध्याकाळीच आजूबाजूला पोहोचली होती आणि रात्री काही लोकांनी नाल्याच्या काठावरच्या कपारीत मिरच्या टाकून धूर केला होता. त्या कपारीच्या तोंडाशी हाडांचे तुकडे पडलेले मी स्वतः पाहिले. नंतरच्या दोन हिवाळ्यांत मी त्या नाल्याकाठी अनेकदा गेलो, पण तसे ठसे पुन्हा दिसले नाहीत. मेलेली गुरे खाऊन साफ करणारा आणि माणसाला टाळणारा तो प्राणी एका तिरक्या फोटोमुळे तिथून गेला, याचे मला आजही वाईट वाटते, आणि म्हणूनच इतके सविस्तर लिहीत आहे.

तुमच्या फोटोविषयी. तो उजेडामुळे उलटा भासत असेल, म्हणजे ठसे खोल दिसण्याऐवजी फुगीर दिसत असतील, तर फोटो अर्धा फिरवून पाहा. प्रकाश वरच्या बाजूने आला की खोली पुन्हा खोली दिसते. पळण्याची खूण जोड्यांत दिसत नाही. भरधाव पळताना चारही पायांचे ठसे एका घोळक्यात पडतात, मग बरेच मोठे अंतर मोकळे जाते आणि पुन्हा चारांचा घोळका येतो. तुमच्या फोटोत दोन-तीनच ठसे आले असतील, तर हे कळण्याचा मार्ग नाही.

माझ्या नाण्याच्या हिशेबालाही मर्यादा आहेत. तो सपाट जमिनीवर आणि नाण्याच्या अगदी जवळच्या ठशापुरताच खरा आहे. माझ्या फोटोतल्या सहाव्या जोडीला मी तो लावला नाही, कारण दूरचे ठसे आणखी लहान दिसतात. प्राणी फोटोत आडवा गेला असेल तर उलटे घडते, लांबी खरी राहते आणि रुंदी दबते, म्हणून कुत्र्याचा ठसा आणखीच निमुळता दिसतो. काळी माती वाळताना आक्रसते, त्यामुळे भेगा पडलेल्या ठशाचे माप धरू नये. आणि ठशावरून जात ओळखता येते म्हणून अमुकच एक प्राणी ओळखता येतो असे समजू नये. आपल्या देशात वाघ कित्येक वर्षे पंजांच्या ठशांवरून मोजले गेले आणि २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाल्यावर ती पद्धत मागे पडून कॅमेरे आले.

साडूंच्या मोबाइलमध्ये तो फोटो अजून आहे आणि पाहुण्यांना ते तो ‘बिबट्या आणि पिल्लू’ म्हणूनच दाखवतात. मी समोर असलो की त्यातले नाणे मोठे करून दाखवतो.