दोन वेळा स्विचिंग होणाऱ्या आरसी सर्किटमध्ये दुसऱ्या टप्प्याची सुरुवात कुठल्या व्होल्टेजपासून धरायची?

प्रश्न: 12 V चा सोर्स, R1 = 20 kΩ आणि C = 100 µF सिरीजमध्ये. कपॅसिटर आधी पूर्ण रिकामा. t = 0 ला S1 ऑन. t = 3 s ला S2 ऑन होतो आणि R2 = 5 kΩ कपॅसिटरला पॅरलल लागतो, S1 ऑनच राहतो. vC(t) काढायचा आहे आणि vC = 5 V कधी होतो ते सांगायचं आहे. मी दुसऱ्या भागात 12 V पासून 0 पर्यंत डिस्चार्ज धरला, पण उत्तर जुळत नाही. नाशिकला डिप्लोमाला आहे, लॅबमध्ये तपासता येईल असं काही असेल तर तेही सांगा.

उत्तर:

तुमची सुरुवातही चुकली आहे आणि शेवटही. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेऊ.

पहिल्या टप्प्यात टाइम कॉन्स्टंट R1·C, म्हणजे 2 सेकंद. कपॅसिटर जवळजवळ पूर्ण भरायला पाच टाइम कॉन्स्टंट, म्हणजे 10 सेकंद लागतात. इथे तर 3 सेकंदांतच दुसरा स्विच लागतो. फक्त दीड टाइम कॉन्स्टंट झालेला असतो, त्यामुळे 12 व्होल्टचा प्रश्नच येत नाही.

```
0 ≤ t ≤ 3:   vC(t) = 12 (1 − e^(−t/2))
vC(3) = 12 (1 − e^(−1.5)) = 12 × 0.7769 = 9.32 V
```

हा 9.32 म्हणजे पहिल्या टप्प्याचं उत्तर आणि दुसऱ्या टप्प्याची सुरुवात, दोन्ही. तो जसाच्या तसा पुढे न्यायचा, कारण कपॅसिटरचं व्होल्टेज एका क्षणात बदलू शकत नाही. तसं बदलायचं तर i = C·dv/dt प्रमाणे अनंत करंट लागेल, आणि या सर्किटमध्ये कपॅसिटरच्या प्रत्येक वाटेवर रेझिस्टर आहे. S2 लागण्याच्या अगदी आधी 9.32 असेल तर लागल्यावर लगेचही 9.32 च असणार.

आता शेवट. R2 आला म्हणून कपॅसिटर शून्यापर्यंत रिकामा होईल असं तुम्ही धरलंत, पण सोर्स अजून R1 मधून जोडलेलाच आहे. कपॅसिटर बाजूला काढा आणि त्याच्या दोन टोकांतून सर्किटकडे बघा: 20 किलोओम आणि 5 किलोओमचा साधा व्होल्टेज डिव्हायडर दिसेल. त्याचं थेव्हेनिन काढायचं.

```
Vth = 12 × 5/(20 + 5) = 2.4 V
Rth = 20 kΩ ∥ 5 kΩ = 4 kΩ
τ2  = 4 kΩ × 100 µF = 0.4 s
```

म्हणजे दुसऱ्या टप्प्यात कपॅसिटर 9.32 वरून 2.4 व्होल्टकडे जातो, आणि तेही आधीपेक्षा पाचपट वेगाने. टाइम कॉन्स्टंटसाठी फक्त R2·C घेतला तर 0.5 सेकंद येतात. ते चूक आहे. आयडियल सोर्स शॉर्ट धरला की R1 सुद्धा कपॅसिटरला पॅरलल येतो, त्यामुळे तो धरावाच लागतो.

```
t ≥ 3:   vC(t) = 2.4 + (9.32 − 2.4) e^(−(t−3)/0.4)
               = 2.4 + 6.92 e^(−2.5(t−3))
```

घातांकात t नाही, (t − 3) आहे, याकडे नीट लक्ष द्या. पहिली दोन्ही मूल्यं बरोबर काढूनही इथे t लिहून गणित घालवणारे पुष्कळ असतात. ही चूक पकडायला उत्तरात t = 3 घालून बघायचं. (t − 3) लिहिलं असेल तर 9.32 परत मिळतो. नुसता t लिहिला असेल तर e^(−7.5) येतो आणि व्होल्टेज 2.40 निघतं, म्हणजे कपॅसिटर एका क्षणात जवळजवळ 7 व्होल्ट खाली पडला असा अर्थ होतो. असा खड्डा दिसला की समीकरण पुन्हा लिहायचं. तुमच्या उत्तरालाही हीच परीक्षा लावा: पहिलं समीकरण 9.32 देतं आणि दुसरं 12, म्हणजे सांध्यावरच बिघाड आहे.

व्होल्टेज सलग राहतं म्हणून करंटही सलग राहील असं मात्र समजू नका. S2 लागण्याच्या आधी कपॅसिटरमध्ये (12 − 9.32)/20k, म्हणजे 0.134 मिलिअँप आत जात असतात. लागल्यानंतर लगेच R1 मधला करंट तेवढाच राहतो, कारण त्याच्या दोन्ही टोकांची व्होल्टेजं बदललेली नाहीत. पण R2 मध्ये एकदम 9.32/5k, म्हणजे 1.864 मिलिअँप सुरू होतात. उरलेला करंट कपॅसिटर पुरवतो, त्यामुळे त्याचा करंट +0.134 वरून थेट −1.73 मिलिअँपवर उडी घेतो. पडताळणीसाठी दुसऱ्या समीकरणाचा t = 3 ला उतार काढा: −6.92/0.4 = −17.3 व्होल्ट प्रतिसेकंद. त्याला 100 मायक्रोफॅरडने गुणलं की पुन्हा −1.73 मिलिअँप येतात. दोन वेगळ्या वाटांनी आकडा जुळला तर टाइम कॉन्स्टंटही बरोबर आहे असं समजा.

5 व्होल्टच्या प्रश्नाची उत्तरं दोन आहेत: चढताना एक, उतरताना एक.

```
चढताना:   t = 2 ln(12/7)            = 1.08 s
उतरताना:  t = 3 + 0.4 ln(6.92/2.6)  = 3.39 s
```

प्रत्येक उत्तर आपापल्या टप्प्याच्या हद्दीत बसतं का ते बघायचं. 1.08 हा 3 पेक्षा लहान आहे आणि 3.39 मोठा, म्हणून दोन्ही चालतात. हेच 11 व्होल्टसाठी विचारलं असतं तर पहिल्या समीकरणातून 4.97 सेकंद आले असते. तोवर ते समीकरण लागूच राहिलेलं नाही, म्हणून या सर्किटमध्ये 11 व्होल्ट कधीच येत नाहीत.

आता एक बदल करून बघा, त्यातून पद्धत पक्की कळते. S2 3 सेकंदांऐवजी 0.3 सेकंदाला लावला असं धरा. तेव्हा कपॅसिटर 12(1 − e^(−0.15)) = 1.67 व्होल्टवर असतो, म्हणजे 2.4 च्या खाली. सूत्र तेच राहतं, पण कंसातला फरक −0.73 होतो आणि कपॅसिटर R2 लागल्यावरही भरतच राहतो, 2.4 कडे. ‘R2 पॅरलल लागला म्हणजे डिस्चार्ज’ हे पाठ करून ठेवलेलं असेल तर इथे फसायला होतं. चार्ज की डिस्चार्ज हे सुरुवातीचं आणि अंतिम व्होल्टेज यांतलं कोण मोठं यावरून ठरतं. आणि S2 बरोबर 2·ln(1.25), म्हणजे 0.446 सेकंदाला लावला तर कपॅसिटर नेमका 2.4 व्होल्टवर असतो. मग दुसऱ्या टप्प्यात काहीच हलत नाही, व्होल्टेज सपाट रेषेत पुढे जातं.

लॅबसाठी: 5 किलोओमचा रेझिस्टर नेहमीच्या किमतींत नसतो, तुमच्या लॅबच्या ड्रॉवरमध्ये किंवा एमजी रोडच्या दुकानांत शोधत बसू नका. 10 किलोओमचे चार घ्या. दोन सिरीजमध्ये लावले की 20, दोन पॅरललमध्ये लावले की 5. कपॅसिटर 100 ऐवजी 1000 मायक्रोफॅरड, 25 व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक घ्या. कारण 0.4 सेकंदाचा उतार साध्या डिजिटल मीटरवर वाचता येत नाही, मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. दहापट कपॅसिटरने सगळ्या वेळा दहापट होतात आणि व्होल्टेजं तीच राहतात. टाइम कॉन्स्टंट 20 आणि 4 सेकंद, S2 तिसाव्या सेकंदाला, तेव्हा मीटरवर तोच 9.32. पाच व्होल्ट 10.8 आणि 33.9 सेकंदाला. हाताने स्विच लावताना दोन दशांश सेकंद इकडे-तिकडे झाले तरी तिसाव्या सेकंदाला फरक 0.03 व्होल्टच्या आत राहतो. मीटर आणि स्टॉपवॉच एका चौकटीत ठेवून मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि मग थांबवून थांबवून वाचा.

कपॅसिटरची ऋण बाजू, म्हणजे पट्टा असलेली, सोर्सच्या ऋण टोकालाच. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी S1 ऑफ करून 1 किलोओमने कपॅसिटर पाच-सहा सेकंद शॉर्ट करा. आधीच्या प्रयोगातले उरलेले दोन व्होल्ट आत राहिले तर पहिलं समीकरणच लागू होत नाही.

आकडा 9.32 न येता 8.56 आला तर गणितावर शंका घेऊ नका. इलेक्ट्रोलिटिकची किंमत 20 टक्के कमीजास्त असणं नेहमीचं आहे. उलट त्या वाचनातूनच खरी किंमत काढा: ln(12/(12 − 8.56)) = 1.25, म्हणून τ1 = 30/1.25 = 24 सेकंद आणि C = 1200 मायक्रोफॅरड. मग दुसऱ्या टप्प्याचा टाइम कॉन्स्टंट 4.8 सेकंद धरा आणि सुरुवात 8.56 पासून करा. वाचनं जुळायला लागतील. अंतिम 2.4 वर याचा परिणाम नाही, ते रेझिस्टर ठरवतात.

तरीही जुळलं नाही तर लीकेज तपासा. फक्त S1 लावून दोन-तीन मिनिटं थांबा. मीटर 12 ऐवजी 11.5 वर स्थिरावला तर R1 मधून 25 मायक्रोअँप सतत वाहत आहेत, कपॅसिटर तेवढे गळतो आहे. बराच काळ पडून राहिलेल्या कपॅसिटरमध्ये हे होतं. थोडा वेळ व्होल्टेजवर ठेवला की गळती बरीचशी कमी होते. मग पुन्हा शॉर्ट करून सुरुवात करा.

कॉम्प्युटरवर बघायचं असेल तर एलटीस्पाइस किंवा एनजीस्पाइससाठी तुमच्या मूळ किमतींनी एवढं पुरे:

```
* RC, two switchings
V1 in 0 12
R1 in c 20k
C1 c 0 100u IC=0
S2 c d ctl 0 MYSW
R2 d 0 5k
Vctl ctl 0 PWL(0 0 3 0 3.0001 5)
.model MYSW SW(Ron=1 Roff=100Meg Vt=2.5 Vh=0)
.tran 1m 6 uic
.end
```

S1 वेगळा दाखवलेला नाही, कारण `uic` मुळे कपॅसिटर t = 0 ला 0 व्होल्टपासून सुरू होतो, म्हणजे त्या क्षणी S1 लावल्यासारखंच. `uic` विसरलात तर सिम्युलेटर आधी डीसी स्थिती काढतो, त्यात कपॅसिटर पूर्ण भरलेला धरतो, आणि आलेख 0 ते 3 सेकंद 12 व्होल्टवर सपाट दिसतो. तुमचा 12 व्होल्टपासूनचा उतार तिथे हुबेहूब दिसेल, फक्त तोसुद्धा 0 वर न जाता 2.4 वर थांबेल.