एका ग्राहकाने 'माझा सगळा डेटा काढा' असं कळवलंय. चॅटच्या टेबलमधून त्याच्या ओळी डिलीट केल्या की झालं ना?

नाही झालं. आणि त्या ओळी अजून उडवल्या नसतील तर हात आवरा, त्या सगळ्यात शेवटी उडवायच्या असतात. आम्ही त्या सगळ्यात आधी उडवल्या होत्या.

बेळगावच्या टिळकवाडीत आमचं चार जणांचं ऑफिस. एका पतसंस्थेसाठी कर्जाच्या चौकशीचा बॉट केला होता. खानापूरकडच्या एका खातेदाराने बॉटशी बोलता बोलता आईचं ऑपरेशन, त्यासाठी गहाण ठेवलेली जमीन, सगळं सांगून टाकलेलं. पुढे कर्ज फिटलं आणि त्याने अर्ज दिला, की माझं बोलणं पुसा. माझ्या भागीदाराने `chat_messages` आणि `sessions` मधल्या त्याच्या ओळी काढल्या आणि म्हणाला, "गेलं की रे सगळं, उगा कशाला डोकं लावतोस?"

आठवड्याने निपाणीच्या एका बाईंनी विचारलं, हप्ता थकला तर काय होतं? बॉटचं उत्तर आलं, "आईच्या ऑपरेशनमुळे अडचण आहे हे समजलं, गहाण जमिनीबाबत मुदत मागता येईल." बाईंच्या आईचं कसलंच ऑपरेशन झालेलं नव्हतं.

लॉग उघडला. एरवी उत्तराला दोन-तीन सेकंद लागायचे, हे ४० मिलिसेकंदांत आलेलं. म्हणजे मॉडेलला विचारलंच नव्हतं. खर्च वाचवायला आम्ही रेडिसमध्ये उत्तरं साठवायचो, आणि नवा प्रश्न जुन्या प्रश्नाच्या पुरेसा जवळ आला की जुनंच उत्तर द्यायचो. जवळीक मोजायची ती फक्त शेवटच्या प्रश्नावरून. उत्तरात मात्र आधीच्या सगळ्या गप्पा मुरलेल्या. मुदत लावलेली नव्हती, नोंद कोणाची तेही लिहिलेलं नव्हतं. शेवटी सगळा कॅशे रिकामा केला. दोन दिवस बिल वाढलं, बाकी काही बिघडलं नाही.

व्हेक्टर स्टोअरने जास्त रडवलं. रोज रात्री आम्ही संभाषणांचे सारांश तुकडे करून, अर्थावरून शोधता यावेत म्हणून आकड्यांत बदलून त्यात टाकायचो आणि प्रत्येक तुकड्यावर फक्त `session_id` असायचा. तो सेशन कोणाचा, हे सांगणाऱ्या ओळी आम्हीच उडवून बसलेलो! नावाने शोधावं, तर आपल्या सीमाभागात एकाच माणसाचं नाव बॉटमध्ये मराठीत, पतसंस्थेच्या नोंदीत कन्नडमध्ये आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत, तेही दोन-तीन तऱ्हांनी. निम्मे तुकडे सापडले असतील-नसतील. शेवटी ओळी उडवल्या त्याच्या आदल्या रात्रीचा बॅकअप उघडून सेशनची यादी काढली. म्हणजे 'पुसलेला' माणूस बॅकअपमध्ये जसाच्या तसा बसलेला होता, हेही त्याच दिवशी कळलं.

तेव्हापासून आधी त्याचा आयडी 'प्रक्रिया करू नये' यादीत टाकतो, नाहीतर रात्रीचं काम त्याचे तुकडे परत बनवतं. मग सेशनची यादी काढून बाजूला ठेवायची, तिच्यावरून तुकडे, मग कॅशे, आणि मूळ ओळी शेवटी. आमचं स्टोअर पोस्टग्रेसमधलं pgvector आहे:

```
DELETE FROM chunks WHERE session_id IN ('s_812', 's_840');
VACUUM chunks;
```

`DELETE` नंतर ओळ शोधात दिसत नाही, पण किमान `VACUUM` होईपर्यंत तरी फायलीत पडून असते. कॅशेच्या कीमध्ये आता आयडी असतो:

```
redis-cli --scan --pattern 'cache:u_4471:*' | xargs redis-cli unlink
```

यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळत नाही आणि कॅशेचा फायदा बराच कमी होतो. होऊ दे. सगळ्यांत वाटायची ती 'शाखा किती वाजता उघडते' असली उत्तरं, कोणाच्या घरची नव्हेत. भागीदार तुकडे पुसण्यावर अजून कुरकुरतो. "तुकड्यात फक्त आकडेच की रे, त्यातून कोण काय वाचणार?" हे त्याचं नेहमीचं पालुपद. एक तर त्या आकड्यांशेजारी मूळ मजकूरही साठवलेला असतो, आणि आकड्यांवरूनही छोटा मजकूर बराचसा परत काढता येतो, हे संशोधकांनी दाखवलेलं आहे.

पुसलं गेलं की नाही हे बघायला एक खोटा ग्राहक ठेवलाय. त्याच्याकडून बॉटला 'निळ्या म्हशीच्या दुधाचा कुंदा' असलं काहीतरी सांगायचं, एक रात्र जाऊ द्यायची, त्याला पुसायचं आणि मग टेबल, तुकडे, कॅशे आणि लॉग, सगळीकडे निळी म्हैस शोधायची. पहिल्या खेपेला ती एरर लॉगमध्ये सापडली. तिथे अख्खा प्रॉम्प्ट छापला जात होता.

हो, कर्जाची नोंद मात्र पुसू नका. कायद्याने जे ठेवावं लागतं ते २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही या हक्कातून वगळलेलं आहे, ग्राहकाला तसं स्पष्ट कळवा. मॉडेल पुरवणाऱ्याकडचा प्रॉम्प्ट कॅशे बहुधा काही काळाने आपोआप जातो, पण त्यांचे लॉग वेगळे असतात, त्यांची मुदत करारात बघा. आणि बॅकअप परत चढवलात तर 'प्रक्रिया करू नये' यादीतल्या सगळ्यांना पुन्हा पुसायचं. त्या यादीत नुसते आयडी ठेवा. आमच्या भागीदाराने तिथे नाव आणि फोन नंबरसुद्धा लिहून ठेवलेले.