आधी विचारा, मग नोटीस लावा

प्रश्न: आमच्या सातारा एमआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्टच्या वेळा बदलायच्या आहेत. कामगारांना नोटीस किती दिवस आधी द्यावी, त्यांचं मत घ्यायला किती वेळ ठेवावा, आणि नोटिशीचा नमुना मिळेल का?

नमुना कुठल्याही कामगार सल्लागाराकडे मिळेल, त्याचं काही अडत नाही. अडतं ते क्रमावर. मी कुपवाडच्या एका फाउंड्रीत अकरा वर्षं टाइम ऑफिसला होतो. शिफ्टबदलाच्या तीन नोटिसा मी स्वतः टाइप केल्या. पहिली फसली, दुसरी अर्धी फसली, तिसरी चालली.

आमच्या शिफ्ट सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि बारा ते सात अशा होत्या. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत औद्योगिक ग्राहकांना वीज सवलतीत पडायची आणि इंडक्शन भट्टीचं बिल म्हणजे फाउंड्रीचा जीव. म्हणून मालकांनी ठरवलं की शिफ्ट सहा-दोन-दहा करायच्या, म्हणजे मेल्टिंगची रात्रपाळी बरोबर स्वस्त विजेत बसेल. हिशेब चुकीचा नव्हता. पण आमच्या पर्सोनेलच्या साहेबांनी शनिवारी संध्याकाळी मला बोलावून चार ओळी सांगितल्या आणि म्हणाले, सोमवारपासून लागू. मी म्हटलं, साहेब, एकवीस दिवस आधी नोटीस लागते. ते म्हणाले, वेळ बदलतोय, पगार नाही.

सोमवारी सहाला गेटवर पहिल्या पाळीची निम्मी माणसं नव्हती. दुपारी युनियनची माणसं सांगलीला सहाय्यक कामगार आयुक्तांकडे गेली. औद्योगिक विवाद अधिनियमाचं ९अ कलम आणि चौथी अनुसूची त्यांना तोंडपाठ होती, आमच्या साहेबांना नव्हती. कामाचे तास, विश्रांतीची वेळ, आणि स्थायी आदेशांना सोडून शिफ्ट सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं, हे सगळं त्या अनुसूचीत नाव घेऊन लिहिलेलं होतं. बुधवारी नोटीस मागे घ्यावी लागली. ती बोर्डावरून काढायलाही मलाच पाठवलं.

दुसऱ्या वेळी साहेबांनी एकवीस दिवस दिले. नोटीस बोर्डावर मराठीत लावली, युनियनला दिली, आयुक्तांच्या कार्यालयात प्रत देऊन पोच घेतली. आणि खाली माझ्या आग्रहाखातर एक ओळ घातली: दहा दिवसांत सूचना द्याव्यात. त्यासाठी गेटजवळ पत्र्याची पेटी ठेवली. साहेबांना वाटलं, कुणी काही टाकणार नाही.

अकराव्या दिवशी पेटी उघडली, त्रेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. बऱ्याच शिव्यांच्या होत्या, त्या बाजूला ठेवल्या. पण एकोणीस चिठ्ठ्या जवळपास एकच गोष्ट सांगत होत्या आणि त्या सगळ्या मशीन शॉपच्या होत्या. एक मला अजून आठवते, डेअरीच्या दूध पावतीच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेली: "सकाळी धार काढून डेअरीला दूध घालून यावं लागतं. सहाला जमत नाही. साडेसहा केलं तर येतो." बुधगाव, कवलापूर, बामणोली भागातल्या माणसांच्या दारात म्हैस असते आणि महिन्याचं किराणा सामान बऱ्याचदा त्या दुधावर निघतं. साडेपाचला डेअरीचा काटा सुरू होतो, दूध मापून झालं की तिथून वीस-पंचवीस मिनिटांत मोटारसायकलीनं कुपवाड. सहाला नाही पोचत, साडेसहाला आरामात पोचतो. टाइम ऑफिसला बसून मी अकरा वर्षं यांची हजेरी लिहिली, पण ही गोष्ट मला त्या पावतीमुळे कळली.

शिवाय स्वस्त वीज लागायची ती मेल्टिंगला. मशीन शॉपला सहाच का पाहिजे होतं, तर कॅन्टीन आणि बस एकाच वेळी सुटावी म्हणून. मग साहेबांनी मेल्टिंग सहाला आणि मशीन शॉप साडेसहाला असं मान्य केलं. इथेच माझा आणि त्यांचा वाद झाला. नोटिशीत सगळ्यांना सहा लिहिलं होतं. साडेसहा हा नोटिशीत नसलेला बदल. युनियनचं मन चांगलं होतं म्हणून ती गप्प बसली असती, पण आयुक्तांच्या कार्यालयात प्रत गेलेली. म्हणून मशीन शॉपसाठी नवी नोटीस काढली आणि पुन्हा एकवीस दिवस मोजले. तोपर्यंत मेल्टिंग नव्या वेळेवर, मशीन शॉप जुन्या वेळेवर, कॅन्टीनवाला दोनदा चहा ठेवायचा आणि मला शिव्या द्यायचा.

म्हणून तुम्हाला सांगतो, मतं मागायची ती नोटीस लावायच्या आधी. आधी साधं प्रस्तावाचं पत्रक काढा, त्यावर "प्रस्ताव" असंच लिहा. कुठल्या विभागाची कुठली वेळ, कारण काय (वीज असेल तर वीज लिहा, लपवू नका), कोणाला सूचना द्यायच्या, कुठल्या तारखेपर्यंत. दहा-बारा दिवस द्या. त्यात दोन रविवार आले पाहिजेत आणि शिफ्ट आठवड्याला फिरत असतील तर प्रत्येक पाळी एकदा तरी दिवसा आलेली असावी, नाहीतर रात्रपाळीवाला पत्रक वाचतच नाही. शंभरावर कामगार असतील तर कामगार समिती असणार, तिच्यासमोर विषय ठेवा आणि इतिवृत्तावर सह्या घ्या. मग जे ठरेल तेच नोटिशीत लिहा आणि तिथून एकवीस दिवस मोजा. नोटिशीचा दिवस धरू नका. १ तारखेला लावली तर २३ च्या आधी बदल करू नका, खरं तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेलाच करा, हजेरीपत्रक सरळ राहतं.

चिठ्ठी पेटीत टाकायला माणूस घाबरतो, म्हणून नाव सक्तीचं करू नका, फक्त विभाग आणि पाळी विचारा. विभाग नसता तर ते एकोणीस मला वेगळे दिसलेच नसते.

कामाच्या वेळांची जी तक्ता-नोटीस दारात लावलेली असते तीही बदलावी लागते आणि जुन्या कारखाना कायद्याप्रमाणे बदल करण्याआधी फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे दोन प्रती जायच्या. आमच्या साहेबांना हेही मीच सांगितलं.

आता थोडं उशिरा सांगतोय, पण एका माणसाला पहिल्या पाळीतून दुसरीत टाकणं म्हणजे वेळ बदलणं नव्हे, ते बहुधा स्थायी आदेशात असतंच, त्याला ही नोटीस लागत नाही. कलमांचे आकडेही मी जुन्या कायद्याचे दिलेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिथे हेच ४० कलमात आणि तिसऱ्या अनुसूचीत आहे, दिवस एकवीसच. तुमचा साखर कारखाना असेल तर राज्याचा वेगळा कायदा होता, तिथे वकिलाला विचारा. आणि एकवीस दिवस म्हणजे परवानगी नव्हे. तेवढ्यात युनियननं वाद उभा केला आणि सलोख्याची कार्यवाही सुरू झाली, तर सगळं थांबतं.

साहेब आता निवृत्त होऊन मिरजेत राहतात. परवा एका लग्नात भेटले आणि अजूनही म्हणतात, "विचारलं की दहा तोंडं दहा बोलतात." मी म्हटलं, साहेब, एकोणीस तोंडं एकच बोलली होती. त्यांनी विषय जिलेबीवर नेला.