साडेतीन बोंडं

पोरी,

परवा तू आलीस, चहा निवून गेला तरी घेतला नाहीस आणि शेवटी दारात उभी राहून म्हणालीस, "सर म्हणतात, सरासरी लिहून टाक, एका आठवड्यानं काय होते?" तेव्हा मी नीट बोललो नाही. म्हणून हे पत्र.

तुझं काम मी समजून घेतलं ते असं. प्रत्येक वावरातून दर आठवड्याला वीस हिरवी बोंडं तोडायची, फोडायची आणि गुलाबी बोंडअळीनं किती किडली ते मोजायचं. चाळिसाव्या हवामान आठवड्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या सात दिवसांत, नाल्याला पूर आला आणि पलीकडच्या वावरात तुला जाताच आलं नाही. तिथं ३९व्या आठवड्याला १५ टक्के होते, ४१व्या आठवड्याला २०. मधे १७.५ लिहून मोकळं व्हायचं.

आता वीस बोंडांचे १७.५ टक्के काढ बरं. साडेतीन बोंडं! वीस बोंडं मोजली तर टक्केवारी पाचाच्या पटीतच येणार: तीन किडली तर १५, चार किडली तर २०. अर्धं किडलेलं बोंड कोणत्या पऱ्हाटीला लागतं? चाणाक्ष परीक्षक हे कागदावरच पकडतो, वावरात यायची त्याला गरज नाही. बरं, तू शहाणपणानं १५ लिहिलंस, तरी तालुक्याच्या पर्जन्यमापकाची नोंद आहेच. त्या दिवशी नाला कसा ओलांडलास, असं विचारलं तर काय सांगशील?

आणि कोणी विचारलं नाही तरी, तो आठवडा नेमका पावसाचा होता. त्या पावसानं किडीत काय फरक पडला हे तुला माहीत नाही. सरासरी टाकणं म्हणजे काहीच फरक पडला नाही, असं सांगणं. दहा टक्के किडकी बोंडं ही फवारणीची पातळी. तुझ्या तक्त्यावरून उद्या कोणी फवारणीची तारीख ठरवील.

वावरातलं वावरातच लिहायचं. पेनानं, तारखेसकट. घरी येऊन आठवून नाही, फेअर वहीत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खाली जुना आकडा वाचता आला पाहिजे. त्या आठवड्याचा रकाना कोरा ठेव आणि प्रबंधात लिही: पुरामुळे नोंद घेता आली नाही, विश्लेषण उरलेल्या अकरा नोंदींवर केलं आहे. सर म्हणतील, हरवलेल्या प्लॉटचं सूत्र असतंच की. असतं. पण ते मांडणीतला एखादा प्लॉट गेला तर, आणि तो आकडा अंदाजाचा आहे हे तळटिपेत लिहून, त्रुटीच्या स्वातंत्र्य कोटीतून एक वजा करून. गुपचूप भरलेला आकडा वेगळा.

माझं सांगतो. १९९४ साली मी तुरीच्या झाडांच्या उंचीच्या तीन ओळी खोलीत बसून भरल्या. ताप होता, खरंच होता. पुढं माझ्या मागून आलेल्या एका विद्यार्थ्यानं त्याच आकड्यांवर आपला प्रयोग बेतला. त्याला तसं काही मिळेना, आणि स्वतःचंच मोजमाप चुकतंय समजून त्यानं एक हंगाम घालवला. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. तेव्हापासून मी न पाहिलेल्या नोंदींवर सही करत नाही. लोक हेकट म्हणतात, दोन निबंध माझ्यामुळे अडले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. थोडा आहे, पण नाही.

कृषी केंद्रवाल्यानं कामगंध सापळे फुकट दिले, हे आभारात नव्हे, हितसंबंधाच्या निवेदनात स्पष्ट लिही. घेतले यात पाप नाही, लपवण्यात आहे. त्याच्या भाच्याचं नाव लेखक म्हणून मात्र नको. काम करणं, मसुद्यात हात असणं, शेवटचा मजकूर मान्य करणं आणि सगळ्याचं उत्तर द्यायला तयार असणं, या चारही गोष्टी लागतात. ३९व्या आठवड्याला किती बोंडं किडली हे तो सांगू शकेल का? तुझ्यासोबत दर आठवड्याला बोंडं फोडणारा तो सालगडी लेखकपणाच्या जास्त जवळचा आहे. त्याचे नाव घेऊन आभार मान. आणि जुन्या प्रबंधातून उचललेली पद्धतीची दोन पानं पुन्हा लिही. साम्य दहा टक्क्यांच्या आत आलं म्हणून ती तुझी होत नाहीत. त्यात सापळे हेक्टरी पाच आहेत, तू किती लावलेस?

रविवारी ये. फेअर वही आणू नकोस, चिखल लागलेली आण. ४०व्या आठवड्याचं पान फाडलं असशील तर तेही सांग, रागावणार नाही. रागावेन, पण ये.